काजूचं खोकं आणि दुकानावरचा फ्लेक्स: एआयने बनवलेल्या चित्राचे रंग छपाईत का बदलतात, फाईल कशी करावी

खालची उत्तरं सलग लागावीत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. मडगाव किंवा म्हापशाच्या बाजारात विकायचं पाव किलो काजूचं खोकं, आणि चवथीच्या आधी दुकानावर लावायचा 10×6 फुटी फ्लेक्स. दोन्हींवर एकच चित्र आहे: मावळतीचा केशरी प्रकाश, मागे हिरवट-निळा समुद्र, पुढे काजूची फळं. चित्र एआय टूलने तयार केलेलं आहे आणि त्याचं माप 1536×1024 पिक्सेल आहे.

स्क्रीनवर समुद्र नुसता चमकतो, मग खोक्यावर तो मळकट का येतो?

स्क्रीन स्वतः उजेड फेकते. लाल, हिरवा आणि निळा असे तीन उजेड एकमेकांत मिसळतात, आणि जितका उजेड वाढेल तितका रंग उजळ दिसतो. कागदाकडे स्वतःचा उजेड नसतो. दुकानातल्या दिव्याचा जो प्रकाश त्याच्यावर पडतो, त्यातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यापर्यंत येतो. शाई वाढवली की उजेड कमीच होतो. म्हणून कागदावरचा कुठलाही रंग कोऱ्या कागदापेक्षा उजळ होऊ शकत नाही. स्क्रीनवरचा चमकता हिरवट-निळा मात्र कोऱ्या कागदाशेजारी धरला तरी पेटल्यासारखा दिसतो.

दुसरं कारण शाईचं आहे. सायन शाई आपल्याला निळी दिसते, पण ती हिरवा आणि निळा उजेडही थोडा गिळते. मॅजेन्टाचंही तसंच. दोन शाया एकावर एक पडल्या की हे दोष एकत्र येतात आणि रंग काळपट होतो. ही कमतरता प्रत्येक ऑफसेट मशीनवर असते. प्रेसवाल्याशी भांडून समुद्र उजळत नाही.

नेमके कुठले रंग मरतात?

चकचकीत कागदावरच्या चांगल्या ऑफसेट छपाईतले रंग स्क्रीनच्या आकड्यांत, म्हणजे लाल, हिरवा, निळा या क्रमाने 0 ते 255 मध्ये मांडले तर अंदाज येतो. स्क्रीनवरचा शुद्ध सायन 0, 255, 255 असतो. नुसत्या सायन शाईचा पूर्ण थर मात्र साधारण 0, 158, 227 इतकाच दिसतो, म्हणजे बराच गडद आणि निळ्याकडे झुकलेला. स्क्रीनचा शुद्ध निळा 0, 0, 255. सायन 100 आणि मॅजेन्टा 100 मिळून येतो 49, 39, 131, आणि तो निळ्यापेक्षा जांभळाच वाटतो. लाल त्या मानाने बराच टिकतो: मॅजेन्टा 100, यलो 100 म्हणजे साधारण 227, 6, 19. पिवळा तर जवळजवळ जसाच्या तसा येतो.

आपल्या चित्रात काजूच्या फळाचा पिवळा-तांबडा त्यामुळे सुखरूप राहतो. मार बसतो तो समुद्राला, आणि सूर्याभोवतीच्या पेटत्या केशरी वलयाला. एआय टूलच्या चित्रांत हाच हिरवट-निळा आणि केशरी जोड वारंवार येतो, म्हणून या चित्रांबाबत तक्रारीही जास्त होतात.

ग्राहकाने मोबाइलवर बघून रंग पास केला तर चालेल का?

रचना आणि मजकूर पास करायला चालेल, रंग पास करायला नाही. बऱ्याच मोबाइलवर रंग भडक दाखवणारा मोड चालू असतो आणि संध्याकाळी पडदा पिवळसर करणारी सोय लागलेली असू शकते. संगणकाची स्क्रीनही दुकानातून आणली तशी कागदापेक्षा फार उजळ असते. ब्राइटनेस 100 ते 120 कॅन्डेलाच्या आसपास आणा. मोजायचं यंत्र नसेल तर स्क्रीनवर पांढरी विंडो उघडून शेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली घ्या. एवढ्यानेही अर्धा गैरसमज मिटतो.

चित्र बनवून घेतानाच काही काळजी घेता येते का?

येते, आणि नंतर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा ती स्वस्त पडते. वर्णनात निऑन, ग्लो, व्हायब्रंट असे शब्द घालू नका. सकाळचा मऊ उजेड, ढगाळ आकाश, मातकट रंग असं मागितलं की जे चित्र येतं ते शाईच्या आवाक्यात आधीच असतं. चित्रात अक्षरं मागू नका. देवनागरीत तर काने, वेलांट्या आणि जोडाक्षरं सहज बिघडू शकतात.

खोकं उभं आणि फ्लेक्स आडवा असल्यामुळे दोन वेगळी चित्रं बनवण्याचा मोह होतो. पण त्याच वर्णनावर दुसऱ्यांदा बनवलेलं चित्र वेगळंच निघतं: फळांची संख्या बदलते, समुद्राची छटा बदलते. एकच आडवं चित्र घ्या, मुख्य फळं मधल्या उभ्या पट्ट्यात बसवा आणि खोक्यासाठी तेवढाच पट्टा कापा.

1536×1024 चं चित्र 10×6 फुटांना पुरेल का?

आहे तसं नाही. 10 फूट म्हणजे 120 इंच, आणि 1536 ला 120 ने भागलं की इंचाला जेमतेम 13 पिक्सेल मिळतात. 20 फुटांवरून बघणाऱ्याला यापेक्षा फारसं बारीक दिसतही नाही. पण दुकानाच्या पायरीवर उभा असलेला माणूस सहा फुटांवर असतो आणि त्याला चौकोन दिसतात.

म्हणून Real-ESRGAN सारख्या अपस्केलरने चित्र चौपट करा. ते 6144×4096 होतं, म्हणजे 10 फुटांवर इंचाला 51 पिक्सेल, आणि फ्लेक्सला तेवढे भरपूर झाले. 10×6 चं प्रमाण जुळवायला उंची 3686 पिक्सेलवर कापा. फोटोशॉपमध्ये नुसतं Image Size वाढवून 72 किंवा 300 लिहिलं तर आकडा वाढतो, पण तपशील काही नवा येत नाही.

चौपट केल्यावर चित्र 100 टक्के झूमवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवून बघा. अपस्केलर जिथे गोंधळतो तिथे नसलेला पोत तयार करतो. काजूच्या बोंडाची साल माशाच्या खवल्यांसारखी होते, लाटांच्या फेसात किड्यांसारख्या वळवळत्या रेषा येतात, नारळीची पानं प्लॅस्टिकची वाटतात. 1536 च्या चित्रात अंगठ्याएवढी असलेली चूक फ्लेक्सवर हाताएवढी होते. अशा जागी मूळ चित्राचा साधा मोठा केलेला भाग वरून मास्कने परत आणा.

खोक्यासाठी फाईल नेमकी कशी करायची?

समजा खोक्याचा दर्शनी भाग 120×180 मिमी आहे. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारी बाजूंनी 3 मिमी जादा चित्र, म्हणजे ब्लीड धरला की 126×186 मिमी होतात, आणि 300 डीपीआयला 1488×2197 पिक्सेल लागतात. मोठ्या केलेल्या चित्राची उंची 4096 आहे, त्यातून त्या प्रमाणात 2775 पिक्सेल रुंदीचा पट्टा कापला तर पिक्सेल गरजेपेक्षा जास्तच मिळतात.

आता रंग. एआय टूलच्या पीएनजीत बरेचदा रंगाचं प्रोफाईल, म्हणजे फाईलमधल्या आकड्यांचा रंग नेमका कसा दिसावा हे सांगणारी नोंदच नसते. ते चित्र sRGB या स्क्रीनच्या नेहमीच्या प्रोफाईलला धरूनच बनलेलं असतं, म्हणून फोटोशॉपमध्ये Edit > Assign Profile मध्ये आधी sRGB द्या. मग View > Proof Setup > Custom मध्ये प्रेसने सांगितलेलं प्रोफाईल निवडा. कोटेड बोर्डासाठी बहुधा PSO Coated v3 किंवा Coated FOGRA39 चालतं. प्रेसने काहीच सांगितलं नाही तर विचारा. फोटोशॉपचं मूळ सेटिंग बहुतेक वेळा U.S. Web Coated (SWOP) v2 असतं. ते अमेरिकेतल्या मासिकांच्या छपाईसाठी बनलेलं आहे, आपल्या बोर्डासाठी नाही.

Ctrl+Y दाबलं की छपाईत चित्र कसं दिसेल ते दिसतं, आणि Ctrl+Shift+Y ने शाईच्या आवाक्याबाहेरचे भाग राखाडी होतात. आपल्या चित्रात समुद्राचा मधला पट्टा आणि सूर्याचं वलय राखाडी होईल. इथे पूर्ण चित्राचं सॅच्युरेशन उतरवू नका, काजू उगाच फिके पडतील. Hue/Saturation मध्ये फक्त Cyans निवडून सॅच्युरेशन 15 ते 25 ने कमी करा आणि ह्यू किंचित निळ्याकडे सरकवा. सायन 75, मॅजेन्टा 10, यलो 25 च्या आसपासचा समुद्र कागदावर स्वच्छ दिसतो. राखाडी पूर्ण नाहीसं होईपर्यंत रेटायची गरज नाही, मोठे सलग डाग फुटले म्हणजे पुरे.

मग Edit > Convert to Profile. इथे Perceptual निवडायचं की Relative Colorimetric, हा निर्णय आकाशाकडे बघून घ्या. Relative मध्ये आवाक्यातले रंग जागचे हलत नाहीत आणि बाहेरचे सगळे कडेला आणून बसवले जातात. त्यामुळे वलयातल्या पाच केशरी छटांची एकच सपाट थाळी होते. Perceptual सगळेच रंग थोडे आत ओढतं, पण छटांमधला चढ-उतार जपतं. उजेडाचं वलय, धुकं, पाण्यावरची झळाळी असलेल्या चित्राला Perceptual बरं. वरची दुरुस्ती नीट झाली असेल तर दोन्हींतला फरक मुळातच थोडा उरतो.

शेवटी Info पॅनलमध्ये Total Ink लावून सर्वांत गडद सावल्यांवर कर्सर फिरवा. चारही शायांची बेरीज 300 च्या आत हवी. ती जास्त झाली तर शाई वेळेत सुकत नाही आणि थप्पीतल्या वरच्या शीटच्या पाठीवर खालच्या शीटचा ठसा उमटतो.

खूप चित्रं असतील तर हे कमांडने होतं का?

हो. रंगाची दुरुस्ती आधी डोळ्याने करून घ्या. नुसतं रूपांतर ImageMagick करतं. दोन्ही प्रोफाईलच्या आयसीसी फाईली त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि दर चित्राला फाईलचं नाव बदलून ही कमांड द्या:

```
magick kaju.png -background white -alpha remove -intent Perceptual -profile sRGB.icc -profile PSOcoated_v3.icc -compress LZW kaju_cmyk.tif
```

काळा रंग कधी राखाडी, कधी चिकट का येतो?

कारण स्क्रीनवर काळा एकच असतो आणि छपाईत अनेक. स्क्रीनचा 0, 0, 0 फोटोशॉपने SWOP मध्ये बदलला तर सायन 75, मॅजेन्टा 68, यलो 67, ब्लॅक 90 होतो. फोटोतल्या सावलीला तो ठीक आहे. पण वजन, किंमत, घटक पदार्थ अशी बारीक अक्षरं त्या काळ्यात गेली, तर चार प्लेटांपैकी एखादी केसभर सरकली तरी अक्षराला गुलाबी किंवा निळी कड दिसते. बारीक अक्षरं नुसत्या ब्लॅक 100 मध्ये ठेवा आणि त्यांना ओव्हरप्रिंट लावा, म्हणजे ती खालच्या रंगावरच छापली जातील. मोठा काळा पट्टा असेल तर उलटं करा: नुसता ब्लॅक 100 तिथे धुरकट दिसतो, म्हणून सायन 60, मॅजेन्टा 40, यलो 40, ब्लॅक 100 द्या.

मजकूर, बारकोड, हिरवा ठिपका चित्रातच ठेवले तर काय बिघडतं?

सगळंच बिघडतं. हे तिन्ही कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये चित्राच्या वर, वेगळे, व्हेक्टरमध्ये ठेवायचे. बारकोडच्या पट्ट्या नुसत्या ब्लॅक 100 मध्ये आणि मागे पांढरी जागा हवी. दुकानातला स्कॅनर बहुधा लाल उजेडावर चालतो, त्यामुळे लाल किंवा केशरी पट्ट्या त्याला पांढऱ्याच दिसतात. ईएएन-13 चं मूळ माप 37.29×25.93 मिमी आहे, ते 80 टक्क्यांपेक्षा लहान करू नका. एफएसएसएआय परवान्याचा 14 अंकी क्रमांक प्रेसला पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचून ताळा करा.

देवनागरी मजकूर पाठवताना कोरलमध्ये Ctrl+Q ने, इलस्ट्रेटरमध्ये Ctrl+Shift+O ने कर्व्हज करा. प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि तिथल्या माणसाला मराठी वाचता येत असेलच असं नाही.

हीच फाईल फ्लेक्सवाल्याला दिली तर?

छापून येईल, पण रंग दुसऱ्यांदा हलतील. खोक्याची फाईल ऑफसेट शाईच्या हिशेबाने रूपांतरित झालेली आहे. फ्लेक्सच्या मशीनची सॉल्व्हंट शाई वेगळी, फ्लेक्सचा पांढरा वेगळा, आणि मशीनपुढे बसलेलं रिप सॉफ्टवेअर स्वतःचं रूपांतर करतं. एका रूपांतरावर दुसरं चढलं की केशरी विटकरी होतो आणि सावल्या बुजतात.

म्हणून दुरुस्त केलेलं आरजीबी मूळ चित्र जपून ठेवा आणि तिथून फ्लेक्सची फाईल वेगळी काढा. फ्लेक्सवाल्याला एकच प्रश्न विचारा: तुमचा रिप फाईलमधलं प्रोफाईल वाचतो का? वाचत असेल तर sRGB प्रोफाईल जोडलेली टिफ द्या, त्याचं मशीन त्याच्या शाईप्रमाणे रूपांतर करेल. नसेल, किंवा त्याला चार शायांत फोडलेली सीएमवायके फाईलच हवी असेल, तर त्याने सांगितलेल्या प्रोफाईलमध्ये बदलून द्या. आणि दोन्ही बाबतींत पूर्ण फ्लेक्सच्या आधी एक फूट बाय एक फुटाचा तुकडा छापून घ्या. त्या तुकड्यात समुद्र, वलय, एक काजू आणि काळ्या पट्टीचा कोपरा हे चारही यायला हवेत. खऱ्या मापाचा तुकडा कापायचा, पूर्ण चित्र लहान करून छापायचं नाही. लहान केलेल्या चित्रात दोष लपतात.

कडेपासून दोन-तीन इंच आत महत्त्वाचं काही ठेवू नका, तिथे दुमड आणि रिंगा येतात. मागून दिवा लावायचा असेल तर ते आधी सांगा. साध्या फ्लेक्सच्या हिशेबाने छापलेलं चित्र मागून उजेड आला की धुऊन निघाल्यासारखं दिसतं, बॅकलिटला शाईचा थर दाट लागतो.

खोकं आणि फ्लेक्स एकमेकांशी तंतोतंत जुळतील का?

नाही, आणि तसा शब्द कुणी दिला तर विश्वास ठेवू नका. जवळ आणता येतात. त्यासाठी खोकं आधी छापून घ्यावं, आणि त्याचं शीट हातात धरून फ्लेक्सचा तुकडा त्याच्याशी जुळवावा. फ्लेक्स पुन्हा छापणं खोक्याच्या प्लेटा पुन्हा काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. ब्रँडचा एखादा रंग दोन्हीकडे एकच दिसायला हवा असेल तर खोक्यावर तो पॅन्टोनच्या पाचव्या शाईने छापा, आणि निवडतानाच असा घ्या की जो चार शायांतही बऱ्यापैकी जमतो.

लॅमिनेशनने रंग बदलतो का?

बदलतो. ग्लॉसने गडद रंग आणखी खोल होतात. मॅटने वरचा उजेड विखुरतो, काळा थोडा राखाडी होतो आणि समुद्राची धार जाते. मॅट ठरलं असेल तर प्रूफही मॅट फिल्म लावूनच बघा.

प्रूफ कुठल्या उजेडात बघायचा, आणि कमी नगांना प्रूफ मिळतो का?

ट्यूबच्या हिरवट उजेडात जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. 5000 केल्विनचा चांगला दिवा नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास, सावलीत, दारापाशी उभं राहून बघा. ज्या दुकानात खोकं विकलं जाणार तिथल्या दिव्याखालीही एकदा धरा.

500 किंवा 1000 खोक्यांचं काम बहुधा दुसऱ्यांच्या कामांबरोबर एकाच मोठ्या शीटवर लावतात. दर त्यामुळे कमी पडतो, पण शेजारी कुणाची लाल मसाल्याची पाकिटं असतील तर मशीनवाला तुमच्या समुद्रासाठी मॅजेन्टा कमी करू शकत नाही, कारण त्या पट्ट्यातली शाई दोघांची सामाईक असते. रंगाबाबत हट्ट असेल तर शीट स्वतंत्र आहे का ते दर ठरवतानाच विचारा. मग मशीन लागल्यावर पहिलं मनाजोगतं शीट सही करून घ्या आणि तेच पुढे नमुना म्हणून धरायला सांगा.

पावसाळ्यात काय वेगळं होतं?

चवथीची कामं नेमकी दमट हवेत येतात. बोर्ड ओल धरतो आणि फुगतो, त्यामुळे प्लेटांची जुळणी सरकते. बोर्ड प्लॅस्टिकच्या वेष्टनातच राहू द्यावा आणि मशीनच्या खोलीत आदल्या दिवशी आणून ठेवावा. फ्लेक्सची शाई हाताला कोरडी लागली तरी आत सॉल्व्हंट असतो. निदान एक दिवस तो उघडा टांगून ठेवा. त्याच संध्याकाळी घडी करून गाडीत टाकला की घडीच्या दोन्ही बाजू चिकटतात आणि उलगडताना शाई सोलून येते. गुंडाळायचाच असेल तर छापील बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळी करा.

रंग बिघडला. चूक फाईलची की मशीनची, हे कसं ओळखायचं?

आकाशात पट्टे दिसत असतील तर त्यांचा आकार बघा. पट्टे सूर्याभोवती गोल, म्हणजे छटेच्या वळणाने गेलेले असतील तर ते फाईलमधलेच आहेत. चित्र 16 बिटमध्ये घेऊन आकाशावर एक-दोन टक्के नॉइज टाकलं की ते फुटतात. पट्टे फ्लेक्सवर सरळ, समान अंतरावर, काजूवरूनही आणि अक्षरांवरूनही गेले असतील तर दोष मशीनच्या हेडचा किंवा कमी पासवर घाईने छापल्याचा आहे, आणि तिथे फेरछपाई मागणं रास्त आहे.

खोक्याच्या बाबतीत कापण्याआधीचं एक पूर्ण शीट मागून घ्या. त्याच्या कडेला शायांची रंगपट्टी असते. पट्टीतले राखाडी चौकोन राखाडीच असतील आणि समुद्र तरीही मळकट असेल, तर फाईल उघडून समुद्रावरचे आकडे वाचा. मॅजेन्टा 30 च्या वर दिसला की कारण सापडलं. आकडे बरोबर आहेत पण पट्टीतला राखाडीच गुलाबी झालेला आहे, तर ते शीट आणि सही केलेलं शीट, दोन्ही घेऊन प्रेसमध्ये जा.